पाउचच्या मॉकअपमध्ये पोषण तक्ता, बारकोड आणि क्यूआरची जागा कशी राखावी

प्रश्न: मी पुण्यात पॅकेजिंग डिझाइन करते. सदाशिव पेठेतल्या एका घरगुती उद्योगाच्या नाचणी चिवड्याच्या २०० ग्रॅम पाउचचं मॉकअप या आठवड्यात दाखवायचंय. लॅबचा रिपोर्ट आलेला नाही, बारकोड घेतलेला नाही, क्यूआर कुठे न्यायचा तेही ठरलेलं नाही. चित्र बनवणाऱ्या एआय टूलमधून पाउच काढला की मागच्या बाजूला अक्षरांसारखं काहीतरी अगम्य येतं. विकतचं टेम्पलेट घेतलं तर त्यात दुसऱ्याच कुणाचे आकडे असतात. मागची बाजू कोरी ठेवली तर क्लायंटला काम अर्धवट वाटतं. काय करावं?

उत्तर:

जागा खऱ्या मापाची ठेवा आणि ती अजून भरायची आहे हे तिच्यातच लिहा. मॉकअप बघून क्लायंटला ठरवायचं असतं ते एवढंच, की सगळं बसतंय का, कशाला किती जागा जातेय आणि उरलेल्या जागेत आपली गोष्ट सांगता येईल का. त्यासाठी प्रोटीनचा आकडा लागत नाही, तक्त्याची रुंदी आणि उंची लागते. टेम्पलेटमध्ये नेमकं उलट असतं. आकडे भरलेले असतात आणि तक्ता दिसायला नीटनेटका राहावा म्हणून निम्म्या मापाचा केलेला असतो. मग रिपोर्ट आल्यावर खरा तक्ता त्या चौकटीत मावत नाही आणि मागची बाजू पहिल्यापासून मांडावी लागते.

तुमचाच पाउच घेऊ. २०० ग्रॅम चिवड्यासाठी १६० × २४० मिमीचा उभा राहणारा पाउच धरतो. तुमच्या पुरवठादाराचा डायलाइन वेगळा असेल तर माप बदला, रीत तीच राहील. दोन्ही बाजूंना ८ मिमीचं सील आणि त्याच्या आत ३ मिमी सुरक्षित अंतर सोडलं की रुंदी १३८ मिमी उरते. वर फाडायची खाच आणि झिपलॉकसाठी ४० मिमी, खाली तळाच्या घडीसाठी ४० मिमी सोडले की उंची १६० मिमी उरते. म्हणजे मागच्या बाजूला खरोखर वापरता येईल अशी जागा १३८ × १६० मिमी. सगळी मांडणी या चौकटीत करायची. पाउचच्या पूर्ण मापावर मांडणी करून नंतर सील आठवलं, तर बारकोडच सीलवर जाऊन बसतो.

आता पोषण तक्ता. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत कोणत्या ओळी हव्यात ते ठरलेलं आहे: ऊर्जा, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम. या दहा ओळींची नावं आणि एककं रिपोर्टआधीही पक्की असतात, म्हणून ती मॉकअपमध्ये खरीच लिहा. लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. त्यामुळे ओळींची नावं प्रत्यक्ष छपाईत ज्या भाषेत जाणार त्याच भाषेत टाका, कारण रुंदी त्यावरच ठरते. क्लायंटला दोन भाषा हव्या असतील तर ते आताच विचारून घ्या. दुसरी भाषा आली की तक्त्याची रुंदी बरीच वाढते.

उंचीचा हिशोब असा. शीर्षक ५ मिमी, सर्व्हिंगच्या दोन ओळी मिळून ८, स्तंभांची डोकी ७, दहा ओळी प्रत्येकी ३.६ प्रमाणे ३६ आणि खालच्या टिपेच्या दोन ओळी ५. बेरीज ६१ मिमी. रुंदीला नावांसाठी ३०, ‘प्रति १०० ग्रॅम’साठी १५ आणि ‘प्रति सर्व्हिंग टक्के आरडीए’, म्हणजे रोजच्या शिफारशीच्या प्रमाणातला वाटा, यासाठी १७ धरले की ६२ मिमी. ३.६ मिमीच्या ओळीत ६ ते ६.५ पॉइंटचं अक्षर आरामात बसतं. उंचीत आणखी १५ टक्के वाढ धरून राखीव जागा ६२ × ७० मिमी ठेवा. जुलै २०२४ मध्ये एफएसएसएआयने एकूण साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट ठळक आणि मोठ्या अक्षरांत दाखवण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली होती. असे बदल अंमलात येतात तेव्हा तक्ता उंचीतच वाढतो. शिवाय क्लायंटला नाचणीचं कॅल्शियम किंवा फायबर मिरवायचं असेल, तर त्याच्या ओळीही याच तक्त्यात येतील.

आकड्यांच्या जागी शून्य कधीच टाकू नका. ‘ट्रान्स फॅट ०’ हा रिकामा खण नाही, तो दावा आहे. बघणारा तो दावा म्हणूनच वाचतो आणि क्लायंट तेच चित्र इन्स्टाग्रामवर टाकून ऑर्डर घ्यायला लागतो. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चित्रातला आकडा ‘फक्त नमुन्याचा’ होता हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. त्याऐवजी गुणाकाराच्या खुणा वापरा, त्याही अपेक्षित अंकसंख्येइतक्याच: ऊर्जेसाठी ×××.×, प्रोटीनसाठी ××.×, सोडियमसाठी ××××.×. यामुळे स्तंभाची रुंदी खरी राहते आणि हा आकडा आहे असा भास कुणालाच होत नाही. करड्या पट्ट्या टाकल्या तरी चालतात, पण मग सोडियमचे चार अंक स्तंभात मावतात का हे तपासायचं राहून जातं.

टक्केवारीच्या स्तंभात एक बारकावा आहे. नियमांत आरडीएचा आधार ऊर्जेसाठी २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम असा दिला आहे. म्हणजे प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर आणि कोलेस्टेरॉल या ओळींना त्या यादीत आधारच नाही. तिथे छपाईतही आडवी रेघच येऊ शकते. म्हणून ‘आकडा यायचा आहे’ यासाठी × आणि ‘इथे आकडा येत नाही’ यासाठी आडवी रेघ, असा फरक मॉकअपमध्येच ठेवा. दोन्हीकडे एकच खूण वापरली तर शेवटी भरणारा माणूस सगळे खण भरायला जातो आणि कोलेस्टेरॉलची टक्केवारी कुठूनतरी काढून आणतो. सर्व्हिंगचं माप, समजा ३० ग्रॅम, हे लॅब ठरवत नाही, क्लायंट ठरवतो. ते आताच विचारा आणि ठरलं नसेल तर तिथेही × ठेवा.

बारकोडच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त बेफिकीर असतात, आणि धोकाही तिथेच जास्त आहे. भारतातल्या किरकोळ मालावर बहुधा ईएएन-१३ असतो. जीएस१ इंडियाकडून मिळणारे क्रमांक ८९० ने सुरू होतात, हे बऱ्याच डिझायनरांना माहीत असतं. म्हणून घाईत 8901234567890 असं टाइप करून बारकोड बनवला जातो. अंक सरळ ओळीने आहेत, त्यामुळे कुणालाही हा खोटाच वाटेल असं वाटतं. पण शेवटचा तपासणी अंक काढून बघा. पहिल्या बारा अंकांपैकी विषम जागांवरचे ८, ०, २, ४, ६, ८ यांची बेरीज २८. सम जागांवरचे ९, १, ३, ५, ७, ९ यांची बेरीज ३४, तिला तीनने गुणलं की १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत काही कमी पडत नाही, म्हणून तपासणी अंक शून्य, आणि टाइप केलेला तेरावा अंकही शून्यच. हा क्रमांक कसोटीत बरोबर उतरतो. सॉफ्टवेअर अडवत नाही, रेघा नीट बनतात, छापल्या तर स्कॅनर वाचतोसुद्धा. अशी फाइल चुकून छपाईला गेली तर दुकानातल्या बिलिंगवर पोहोचेपर्यंत चूक कुणाच्या नजरेला पडणार नाही. टेम्पलेटमधला बारकोड तर एखाद्या खऱ्या उत्पादनाचाही असू शकतो, आणि मग काउंटरवर चिवड्याच्या जागी दुसऱ्याच मालाचं नाव आणि किंमत येते.

त्यामुळे मॉकअपमध्ये वाचता येईल असा बारकोड नकोच. राखीव चौकट मात्र अचूक हवी. ईएएन-१३ चं १०० टक्के माप बाजूच्या मोकळ्या पट्ट्या आणि खालचे अंक धरून ३७.२९ × २५.९३ मिमी असतं. डावीकडे ३.६३ मिमी आणि उजवीकडे २.३१ मिमी कोरी पट्टी लागते, तीही या मापातच मोजलेली आहे. ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, तेव्हा साधारण ३० × २१ मिमी होतो. पण छोट्या फ्लेक्सो मशीनवर फिल्मवर शाई थोडी पसरते, रेघा जाड होतात आणि लहान बारकोड आधी बिघडतो. तुमच्या पाउचवर जागा आहे, म्हणून १०० टक्केच धरा. उंची कापून पट्टी बुटकी करण्याचा मोह टाळा. रेघा जितक्या बुटक्या, तितका काउंटरवर पाउच नेमका धरावा लागतो, आणि चिवड्याचा फुगलेला पाउच तसा धरता येत नाही.

जागा मात्र ३८ × २६ नाही, ३८ × ३८ मिमीची चौकोनी राखा. फ्लेक्सोत फिल्म ज्या दिशेने धावते त्याच दिशेने रेघा असतील तर शाई पसरून त्यांची जाडी बदलण्याचा त्रास कमी होतो. ती दिशा छापणाऱ्याच्या मांडणीवर ठरते. भोसरीतला छापणारा पाउच उभा मांडेल की आडवा हे आज माहीत नाही, त्यामुळे बारकोड ९० अंशांत फिरवावा लागला तरी बाकी काही हलवायला लागू नये. चौकटीच्या कडा पाउचच्या कडांपासून निदान ८ मिमी आत ठेवा आणि सील किंवा घडीवर जाऊ देऊ नका. चौकटीत पांढरा अपारदर्शक रंग दाखवा. मेटलाइज्ड किंवा पारदर्शक फिल्मवर तो पांढरा पॅच वेगळा छापावा लागतो, आणि मॉकअपमध्येच दिसला की छापणाऱ्याच्या कोटेशनमध्येही येतो. क्लायंटच्या ब्रँडचा रंग लाल असेल तर आधीच सांगून टाका की रेघा लाल होणार नाहीत. काउंटरवरचे बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात, त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते.

चौकटीच्या आत काय? तुटक कडा, पांढरी पार्श्वभूमी आणि मधोमध लहान अक्षरांत ‘बारकोड, ईएएन-१३, १०० टक्के, क्रमांक यायचा आहे’. नुसता पांढरा चौकोन ठेवलात तर क्लायंट ‘इथे ऑफर टाकू’ म्हणतो. बैठकीत समोरून दिसणाऱ्या चित्रात काहीतरी रेघा हव्यातच असा आग्रह झाला, तर सगळ्या रेघा आणि सगळी अंतरं एकाच जाडीची काढा. ईएएनमध्ये अंक ओळखू येतो तो जाड-बारीक रेघांच्या प्रमाणावरून. सगळं एकसारखं असेल तर त्यातून एकही अंक निघत नाही. वरून तिरपी ‘नमुना’ पट्टी टाका आणि खाली अंकांऐवजी तेरा × लिहा. ८९० सुद्धा लिहू नका. अर्धवट खरा क्रमांक पुढे कुणीतरी पूर्ण करतोच.

क्यूआरचं माप दुव्याच्या लांबीवर ठरतं, आणि दुवा अजून नाही. म्हणून लांबीचा अंदाज धरून जागा काढायची. मध्यम चूक-सुधारणा, म्हणजे सेटिंगमध्ये `M`, ठेवली तर आवृत्ती ३ मध्ये ४२ अक्षरं मावतात आणि तिची जाळी २९ × २९ ची असते. चारही बाजूंना चार-चार खणांची कोरी जागा लागते, म्हणजे एकूण ३७ खण. एक खण ०.५ मिमीचा धरला तर १८.५ मिमी. दुवा ६२ अक्षरांपर्यंत गेला तर आवृत्ती ४ लागते. तिच्यात ३३ अधिक ८ असे ४१ खण, म्हणजे २०.५ मिमी. तेव्हा २२ × २२ मिमी राखा, दोन्ही शक्यता त्यात मावतात. फिल्मवर ०.५ मिमीपेक्षा लहान खण ठेवू नका, शाई पसरली की शेजारचे खण एकमेकांत मिसळतात.

आत भरायला तीन कोपऱ्यांतले चौकोन काढा आणि मधला सगळा भाग एकसारखा फिका करडा ठेवा. बघणाऱ्याला हा क्यूआर आहे हे लगेच कळतं आणि फोनला त्यात वाचायला काही सापडत नाही. टेम्पलेटमधला क्यूआर तसाच ठेवणं फार वाईट. तो टेम्पलेट बनवणाऱ्याच्या पानावर नेऊ शकतो, आणि तो दुवा एखाद्या दुवे लहान करणाऱ्या सेवेतून गेलेला असेल तर उद्या तिथे काय उघडेल यावर तुमचा ताबा नसतो. क्लायंटला बैठकीत फोन लावूनच बघायचा असेल, तर `example.com` हे नाव नमुन्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यावर खरा क्यूआर बनवा. पण नुसतं नाव टाकलं तर जाळी विरळ येते आणि छपाईतला क्यूआर बराच दाट निघतो. म्हणून लांबी खऱ्या दुव्याइतकी करा:

```
https://example.com/namuna-chivda-200g-v1
```

ही ४१ अक्षरं आहेत, म्हणजे `M` वर आवृत्ती ३ मध्ये बरोबर बसतात. त्या पानावर चिवड्याबद्दल काहीच दिसणार नाही हे क्लायंटला आधी सांगा. स्कॅन होतो की नाही एवढंच इथे तपासायचं असतं.

आता हे सगळं १३८ × १६० च्या चौकटीत मांडू. डावीकडे तक्ता ६२ × ७०, मग ६ मिमी अंतर, उजवीकडे ७० मिमी रुंदीत घटक आणि अॅलर्जीची सूचना. त्याखाली ६ मिमी सोडून तळाची ३८ मिमी उंचीची ओळ: बारकोडचे ३८, अंतर ६, क्यूआरचे २२, अंतर ६, आणि उरलेल्या ६६ मिमीत उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच-तारीख-किंमत छापायची कोरी पट्टी. या पट्टीतही तारीख लिहू नका. ती पॅकिंगच्या वेळी मशीनने छापली जाते, तिथे फक्त ‘पॅकिंगच्या वेळी छापणार’ असं लिहा. परवान्याचे १४ अंक × ने दाखवा, सुचेल तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा असू शकतो. बेरीज ७० + ६ + ३८ = ११४ मिमी. म्हणजे वर ४६ मिमी उंचीची पूर्ण रुंदीची जागा नाचणीबद्दल लिहायला उरते. क्लायंटला मागची बाजू अर्धवट वाटते त्यावर हेच उत्तर आहे. एवढी जागा कायद्याची, एवढी तुमची, आणि दोन्ही मोजून दाखवता येतात.

फाइलमध्ये राखीव चौकटींसाठी एक वेगळा स्पॉट रंग बनवा, नाव `NO_PRINT_RESERVED`, दिसायला फिका करडा. तुटक कडा, ×, ‘यायचा आहे’ ही अक्षरं, सगळं याच रंगात. वेगळा लेयर पुरत नाही. पीडीएफ करताना लेयर एकत्र होतात आणि करडा रंग काळ्यात मिसळून जातो. स्पॉट रंग मात्र इलस्ट्रेटरच्या `Separations Preview` मध्ये आणि अॅक्रोबॅटच्या `Output Preview` मध्ये स्वतंत्र प्लेट म्हणून दिसतो. छापणाऱ्याकडे फाइल गेली आणि त्यात एक जास्तीचा रंग निघाला, तर सिलिंडर किंवा प्लेट बनवण्याआधी तो फोन करून विचारेल.

एआय टूलबद्दल. पाउचची मागची बाजू मागितली की टूल तिथे तक्ता आणि रेघा ‘असतात म्हणून’ भरतं, आणि त्यांना अर्थ नसतो. ‘बारकोड नको, मजकूर नको’ असं लिहिल्यानेही बहुधा काम होत नाही, कारण त्या गोष्टीचं नाव आलं की ती चित्रात येण्याचीच शक्यता वाढते. त्याऐवजी छपाई नसलेला, पांढरा, मॅट पाउच मागा आणि त्यापासून फक्त आकार, सुरकुत्या आणि प्रकाश घ्या. तुमचं इलस्ट्रेटरमधलं डिझाइन फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून त्यावर `Multiply` मोडमध्ये बसवा, म्हणजे सावल्या अक्षरांवरही येतात. चित्र आधीच झालं असेल आणि त्यात अगम्य अक्षरं असतील, तर ती धूसर करू नका. धूसर केलेली अक्षरं लहान आकारात खऱ्या मजकुरासारखीच दिसतात आणि व्हॉट्सअॅपवर गेल्यावर तर फरकच कळत नाही. तो भाग पाउचच्या रंगाने पूर्ण झाका आणि वर राखीव चौकट ठेवा. पुढच्या बाजूचे कोपरेही बघा, हिरवा शाकाहारी ठिपका आणि वजनाच्या जागीही टूल काहीतरी गिरगटून ठेवतं.

दाखवण्याआधी चित्र ३०० टक्के मोठं करून प्रत्येक अक्षर वाचा. मागची बाजू १०० टक्के मापात छापा आणि पट्टीने बारकोडची चौकट मोजा, कारण प्रिंटरचं ‘पानात बसवा’ हे सेटिंग चालू असेल तर ३८ चे ३६ झालेले असतात. तो कागद २०० ग्रॅम चिवडा भरलेल्या कोऱ्या पाउचवर चिकटवा. पाउच भरला की तळाची घडी वर येते आणि खालच्या ओळीचा काही भाग वळणावर जातो. बारकोडची चौकट वळणावर गेली असेल तर तळाची ओळ तेवढी वर घ्या, वरच्या ४६ मधून ती जागा निघते. शेवटी फोनमधलं स्कॅनर अॅप सगळ्या पानावरून फिरवा. नमुन्याचा `example.com` क्यूआर सोडून काहीही वाचलं गेलं, तर कुठेतरी टेम्पलेटचा तुकडा राहिला आहे.

रिपोर्ट आल्यावर आकडे हाताने टाइप न करता फाइलमधून चिकटवा आणि तीन गोष्टी बघा. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमांना ४ ने आणि फॅटच्या ग्रॅमांना ९ ने गुणून केलेली बेरीज ऊर्जेच्या आकड्याजवळ यायला हवी. वरून घातलेली साखर एकूण साखरेपेक्षा आणि सॅच्युरेटेड फॅट एकूण फॅटपेक्षा जास्त असता कामा नये. यात काही चुकलं तर ओळी वरखाली झालेल्या असतात. बारकोडचा क्रमांक व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतून नाही, जीएस१ च्या कागदावरून घ्या. मग इलस्ट्रेटरच्या स्वॅचेसच्या मेनूतून `Select All Unused` निवडा. त्यात `NO_PRINT_RESERVED` निवडला गेला नाही, तर तो रंग अजून वापरात आहे, म्हणजे कुठली तरी चौकट अजून भरायची राहिली आहे आणि फाइल छपाईला जायची नाही.